भिंतीच्या फोटोवरून रंगाचा हिशोब: दार-खिडकी वजा केल्यावर एक लिटर पुरेल का?

सई_मुलुंड

मुलुंड पूर्वेला आईबाबांचं घर आहे. हॉलची एकच भिंत गेरूच्या रंगात रंगवायची ठरलंय, बाकीच्या तीन ऑफ-व्हाइटच राहणार. गणपतीआधी काम उरकायचं आहे. मी सध्या नाशिकला आहे आणि रंग शनिवारी धाकटा भाऊ आणणार. मशीनवर शेड बनवून घेतली की दुकानदार परत घेत नाही, त्यामुळे उगाच जास्त नको, आणि तिसऱ्या हाताच्या मध्यात संपायलाही नको.

भावाकडून भिंतीचा फोटो मागवला. व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवायला लावला, त्यामुळे पूर्ण ४००० बाय ३००० पिक्सेलचा आलाय. भिंतीत डावीकडे बेडरूमचं दार आणि उजवीकडे खिडकी आहे. दार सात फुटी धरलं. फोटोत त्याची उंची १५८३ पिक्सेल आहे, म्हणजे एका फुटाला साधारण २२६ पिक्सेल. त्यावरून बाकी सगळं काढलं:

भिंतीची रुंदी २४०४ पिक्सेल, म्हणजे १०.६ फूट. उंची डाव्या कोपऱ्यात २२२३ पिक्सेल (९.८ फूट) आणि उजव्या कोपऱ्यात १६४६ पिक्सेल (७.३ फूट). सरासरी ८.५६ घेतली. भिंत ९१ चौरस फूट झाली. दार २२.४, खिडकी ९.७. वजा करून ५९ चौरस फूट उरले.

गोची अशी की खिडकी या हिशोबाने तीन फूट रुंद येते. बाबा म्हणतात ग्रिल करून घेतली तेव्हा चार फुटांच्या वर होती. कुठे चुकतंय?

---

बाबू_गिरगाव

चुकत काही नाही ताई. दार सगळीकडे सात फुटीच असतं, ते धरलंत ते बरोबर. दोन टोकांना उंची वेगळी आली तर सरासरी घ्यायची, तेही तुम्ही केलंय. बाबांना ग्रिलचं माप आठवत असेल चौकटीबाहेरचं. चांगला इमल्शन दोन हातांत लिटरला १३० फूट जातो, तुम्हाला अर्धा लिटर लागेल. एक लिटरचा डबा घ्या आणि मोकळ्या व्हा.

---

एस्टिमेटर_चुनाभट्टी

बाबूराव, थांबा. बाबांची आठवण बरोबर आहे, फोटो चुकीचा वाचला गेलाय.

सईताई, तुमच्याच आकड्यांत उत्तर आहे. एकाच भिंतीची उंची डावीकडे २२२३ आणि उजवीकडे १६४६. भिंत तर दोन्हीकडे सारखीच उंच. म्हणजे भाऊ डाव्या बाजूला जवळ उभा होता आणि भिंत त्याच्यापासून तिरकी दूर जात होती. फुटाला किती पिक्सेल हा आकडा अशा फोटोत प्रत्येक ठिकाणी वेगळा असतो, डावीकडून उजवीकडे घटत जातो. तुम्ही तो दारापाशी काढलात, म्हणजे जवळच्या बाजूचा, आणि लांबच्या खिडकीला लावलात. खिडकी लहान येणारच.

शिवाय तिरक्या भिंतीची रुंदी आणखी एका कारणाने आखडते. ती आपल्याकडे पूर्ण तोंड करून नसते. उंची फक्त अंतराने घटते, रुंदी अंतराने आणि कलण्याने, दोन्हींनी घटते. म्हणून उंचीची सरासरी घेऊनही भागत नाही. रुंदीतली चूक तशीच राहते.

दार सात फुटी असतं यावरही मी पैसे लावणार नाही. चौकटीसकट मोजलं की नुसतं पल्ला, लादी नंतर जुन्या लादीवर बसवली का, यावर दोन-तीन इंच सहज इकडेतिकडे होतात. लांबीत अडीच टक्के चूक झाली की क्षेत्रफळात पाच टक्के होते, कारण ती रुंदीतही शिरते आणि उंचीतही.

फोटो सरळ आहे की तिरका हे ओळखायला डाव्या-उजव्या कडांचे पिक्सेल मोजा. एक-दोन टक्क्यांचा फरक असेल तर चालवून घ्या. तुमच्याकडे तो पंचवीस टक्क्यांच्या वर आहे.

---

रंगारी_घाटकोपर

एवढं कशाला? आम्ही दार-खिडकी वजा करतच नाही. रोलर पितो, ट्रेला लागतो, खाली सांडतो, कोपऱ्याला ब्रश दोनदा फिरतो. दार-खिडकीचा रंग त्यात जातो. भिंत मोजा, भागा, डबा आणा.

---

एस्टिमेटर_चुनाभट्टी

दादा, तुमचा नियम अख्ख्या फ्लॅटला ठीक आहे. तिथे उघडी जागा एकूण भिंतींच्या मानाने थोडी असते आणि वाया जाणारा रंग तिला जवळपास झाकतो. इथे एका भिंतीत दारही आहे आणि खिडकीही. एक तृतीयांश भिंत नुसती भोकं असेल. एवढा रंग सांडला तर बाई तुम्हाला परत बोलावणार नाहीत. 😄

---

वसंतराव_लालबाग

याच विषयावर विचारतो. आमच्या चाळीतल्या खोलीची उंची अकरा फूट, दोन दारं, दोन खिडक्या. कंत्राटदाराने बिलात एकही दार-खिडकी वजा केली नाही. म्हणाला "हीच पद्धत आहे". हे बरोबर आहे का?

---

एस्टिमेटर_चुनाभट्टी

वसंतराव, तुमचा प्रश्न बिलाचा आहे, सईताईंचा रंगाचा. दोन्हींचे चौरस फूट वेगळे येतात आणि तिथेच भांडणं होतात.

मोजणीसाठी आयएस १२०० हे भारतीय मानक आहे. त्यात साधारण असं आहे: अर्ध्या चौरस मीटरपर्यंतचं ओपनिंग, म्हणजे पाच-साडेपाच चौरस फूट, वजा करायचंच नाही. अर्धा ते तीन चौरस मीटरमधलं असेल आणि भिंतीच्या दोन्ही बाजूंना सारखं काम असेल, तर एकाच बाजूचं वजा करायचं आणि जांबांचे, म्हणजे ओपनिंगच्या आतल्या कडांचे, पैसे वेगळे लावायचे नाहीत. तीन चौरस मीटरच्या वर दोन्ही बाजूंचं वजा करायचं, पण मग जांब मोजून धरायचे. म्हणजे "काहीच वजा होत नाही" ही पद्धत नाही, आणि "सगळं वजा व्हायला हवं" हीसुद्धा नाही. पण खाजगी कामात हे आपोआप लागू होत नाही. दर ठरवताना काय बोलणं झालं होतं? वजा न करण्याच्या बोलीवर दर कमी ठरला असेल तर आता भांडण्यात अर्थ नाही.

---

वसंतराव_लालबाग

बोलणं काहीच झालं नव्हतं. तिथेच घोळ आहे.

---

सई_मुलुंड

बापरे, बरंच कळलं. पण सरळ फोटो मिळणं अवघड आहे. समोर डायनिंग टेबल आणि शोकेस आहे, म्हणून तो कोपऱ्यातून काढतो. ०.५ वाली मोठी लेन्स लावली तर टेबलाच्या अलीकडूनच पूर्ण भिंत मावते. ती लावू का?

---

निखिल_विक्रोळी

०.५ नको. त्या लेन्समध्ये कडेच्या सरळ रेषा बाकदार होतात. फोन सॉफ्टवेअरने त्या सरळ करतो, पण पूर्ण नाही, आणि सरळ करताना कडेच्या वस्तू ताणतो. स्क्रीनवर छताच्या रेषेला कागदाची कड लावून पाहा, मध्ये फट दिसली तर फोटो बाद.

आहे तो १x चा तिरका फोटो चालेल. भिंत सपाट असल्याने चार कोपरे दिले की तिरकेपणा गणिताने काढता येतो. फक्त भिंतीची खरी रुंदी आणि खरी उंची लागेल, कारण फोटो सरळ केला तरी "हे किती फूट" हे फोटो सांगत नाही. ती दोन मापं मिळाली की दार-खिडकीची मापं फोटोतून निघतील. कोपऱ्यांचे पिक्सेल तुमच्या फोटोतले टाका:

```python
import cv2, numpy as np
img = cv2.imread("wall.jpg")
src = np.float32([[620,359],[3024,655],[3030,2301],[626,2582]])
W, H = 1500, 1130
dst = np.float32([[0,0],[W,0],[W,H],[0,H]])
M = cv2.getPerspectiveTransform(src, dst)
cv2.imwrite("flat.jpg", cv2.warpPerspective(img, M, (W, H)))
```

कोपऱ्यांचा क्रम वरचा डावा, वरचा उजवा, खालचा उजवा, खालचा डावा. `W` आणि `H` म्हणजे इंचातलं माप गुणिले दहा. मी अंदाजाने टाकलेत, खरे मिळाले की बदला. मग `flat.jpg` मध्ये दहा पिक्सेल म्हणजे एक इंच. प्रोग्रॅम चालवायचा नसेल तर फोटो एडिटिंगच्या बऱ्याच ॲपमध्ये पर्स्पेक्टिव्ह सरळ करायची सोय असते. त्याने कडा सरळ होतील, पण लांबी-रुंदीचं खरं प्रमाण तुम्हालाच बसवावं लागेल.

---

मेघना_ठाकुर्ली

एवढं सगळं करण्यापेक्षा भावाला टेप द्या ना!! पाच मिनिटांचं काम.

---

सई_मुलुंड

मेघना, घरात तीन मीटरची टेप आहे आणि ती खिडकीपाशी पोचत नाही, खाली सोफा आहे. भाऊ सरकवणार नाही, मी ओळखते त्याला. 🙏 उंचीचं मात्र दाराशेजारी टेप वर चढवून मोजून देईल.

---

बाबू_गिरगाव

रुंदीसाठी लाद्या मोजा. दोन बाय दोनची लादी असेल तर तिरक्या फोटोतही नुसती मोजता येते, पिक्सेलची भानगडच नाही. टोकाचा तुकडा तेवढा पट्टीने मोजायला सांगा.

---

एस्टिमेटर_चुनाभट्टी

बाबूराव, हे झकास सुचवलंत. मोजण्याला तिरकेपणा लागत नाही. फक्त ज्याला आपण दोन बाय दोन म्हणतो ती लादी ६०० मिलिमीटरची असते, म्हणजे दोन फुटांपेक्षा जवळजवळ एक सेंटिमीटर कमी, साडेतेवीस इंचांच्या थोडी वर. सहा लाद्यांमागे सव्वादोन इंच कमी धरा. सांधे चिकटून असतील तर सांध्यांची जाडी धरू नका.

---

सई_मुलुंड

भावाने केलं! सहा पूर्ण लाद्या आणि आठ इंचांचा तुकडा. १४२ अधिक ८, म्हणजे १५० इंच, साडेबारा फूट. उंची टेपने ११३ इंच. निखिल, तुझे अंदाजाचे आकडे नेमके तेच निघाले, तू आमच्या घरी येऊन गेलास का?

---

निखिल_विक्रोळी

नाही हो. 😀 दोन टोकांच्या उंचीवरून भिंत किती कलली असेल याचा हिशोब होतो, साध्या फोनची लेन्स धरून. शिवाय उंची साडेनऊच्या आसपास असणार असं वाटलं. नशीब म्हणा.

---

सई_मुलुंड

सरळ केलेल्या फोटोत:

दार चौकटीसकट ३८० बाय ८२० पिक्सेल, म्हणजे ३८ बाय ८२ इंच. सहा फूट दहा इंच! सात फुटी नाहीच.
खिडकी ५०० बाय ४७० पिक्सेल, म्हणजे ५० बाय ४७ इंच. बाबांनी ग्रिलची पावती शोधली, त्यावर रुंदी चार फूट दोन इंच. बरोब्बर ५०.

भिंत १५० × ११३ इंच, म्हणजे ११७.७ चौरस फूट. दार २१.६. खिडकी १६.३. उरले ७९.८. माझ्या आधीच्या ५९ पेक्षा वीस फूट जास्त.

आता लिटर: ८० भागिले १३०, म्हणजे ०.६२. तरी एक लिटरच! म्हणजे एवढा खटाटोप करून डबा तोच?

---

एस्टिमेटर_चुनाभट्टी

दोन हातांचा ऑफ-व्हाइट असता तर हो, डबा तोच. रंग लिटरमध्ये लागतो पण मिळतो डब्यात. ५९ असो नाहीतर ८०, एक लिटरमध्ये दोन्ही बसतात आणि चूक डबा गिळून टाकतो. हिशोबाची खरी गरज डब्याच्या सीमेपाशी पडते, आणि तुमचा गेरू तुम्हाला तिथेच नेऊन उभा करतो.

गडद लालसर शेडला फिक्या भिंतीवर दोन हात क्वचितच पुरतात, तिसरा मारावा लागतो. डब्यावरचं १३० फूट हे दोन हातांचं कव्हरेज आहे, म्हणजे एका हाताचं २६०. तुमचे ८० फूट तीन हात म्हणजे २४० फूट. २४० भागिले २६०, ०.९२ लिटर.

अजून जांब धरलेले नाहीत. स्लाइडिंग खिडकीची चौकट भिंतीत किती आत आहे? चार इंच धरू. वरची पट्टी आणि दोन्ही बाजू, म्हणजे ५० अधिक ४७ अधिक ४७, एकूण १४४ इंच, गुणिले चार: चार चौरस फूट. खाली ग्रॅनाइट असेल तर तो सोडा. आता ८४ फूट, तीन हातांना ०.९७ लिटर. त्यावर रोलर-ट्रेचे दहा टक्के धरले की १.०७. एक लिटर संपतो आणि उजवा कोपरा राहतो. तुमच्या पहिल्या ५९ फुटांवर जांब आणि दहा टक्के न धरता तीन हातांना ०.६८ येत होतं, म्हणजे निर्धास्त एक लिटर आणला असता.

फोटोत खिडकी मोजताना ॲल्युमिनियमची चौकट पकडली की प्लास्टरची कड? चौकट चार इंच आत आहे, ती भिंतीच्या पातळीत नाही. चार कोपऱ्यांनी सरळ केलेला फोटो फक्त भिंतीच्या पातळीतल्या गोष्टी बरोबर दाखवतो, आतलं-बाहेरचं थोडं सरकलेलं दिसतं. प्लास्टरची कडच पकडायची.

---

सई_मुलुंड

प्लास्टरची कडच पकडली होती, पण उजवीकडे पडद्याच्या पेल्मेटने वरचा कोपरा झाकलाय, तिथे रेषा अंदाजाने पुढे नेली. जांब मोजायला सांगते. खाली काळा ग्रॅनाइट आहे.

मग दोन लिटर घ्यायचा का? एकाला जेमतेम सत्तर मिली कमी म्हणून अख्खा डबा?

---

रंगारी_घाटकोपर

ताई, तिसरा हात वाचवायचा असेल तर पांढऱ्या प्रायमरऐवजी प्रायमरमध्येच थोडा रंग मिसळून घ्या, किंवा दुकानातून करड्या छटेचा करून आणा. लाल-गेरूखाली करडा बेस असला की रंग लवकर झाकतो. मग दोन हातांत होतं आणि लिटर उरतो. आणि भिंतीला लांबी, म्हणजे पुट्टी, नवी मारली असेल तर प्रायमर टाळू नका. ताजी लांबी रंग ओढून घेते, मग तुमचं १३० फुटांचं गणित कागदावरच राहतं.

---

एस्टिमेटर_चुनाभट्टी

दादांचं बरोबर आहे, पण सगळ्या शेडला एकच करडा चालत नाही. काही शेडला दुकानदारच कुठला बेस घ्यायचा ते सांगतो. भावाला ते विचारायला सांगा. मी असतो तर एक-एक लिटरचे दोन डबे एकाच वेळी बनवून घेतले असते, कारण नंतर बनवलेल्या डब्याची शेड किंचित वेगळी निघू शकते आणि भिंतीच्या मध्यावर ती दिसते. रंगवायला सुरुवात करण्याआधी दोन्ही एकत्र करायचे.

---

बाबू_गिरगाव

दोन लिटर म्हणजे जवळजवळ एक लिटर माळ्यावर. कशाला? एक आणा, करडा प्रायमर मारा, शेड नंबरची पावती जपून ठेवा. कमी पडलाच तर परत आणा, आणि नवा डबा कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतचा शेवटचा हात मारायला वापरा, म्हणजे फरक दिसणार नाही.

---

रंगारी_घाटकोपर

शेवटच्या अख्ख्या हातालाच ऐंशी फूट लागतात, बाबूशेठ. तेव्हा एक लिटरच आणावा लागेल. मग तो आताच का नको?

---

सई_मुलुंड

जांब मोजले, साडेचार इंच. थोडं आणखी वाढलं. 😩 भाऊ म्हणतो, एक लिटर आणि करडा प्रायमर. आई म्हणते दोन, उरलेल्याने पॅसेजची पट्टी करू. शनिवारी दुकानात काय होईल ते होईल.

---

वसंतराव_लालबाग

सईताई, भिंतीचा रंग ठरला की इकडे लक्ष असू द्या. एस्टिमेटर साहेब, माझं एक दार बाहेरच्या गॅलरीत उघडतं आणि गॅलरीचा रंग सोसायटीने केलाय, त्याने नाही. मग "एकाच बाजूचं वजा" कसं लावायचं?

---

एस्टिमेटर_चुनाभट्टी

दोन्ही बाजूंचं काम त्याने केलेलं नाही, त्यामुळे कंत्राटदार तो सवलतीचा नियम तुमच्या त्या दाराला लावू शकत नाही. त्याने रंगवलेल्या बाजूला चौकटीपुढची जांबाची रुंदी दुसऱ्या बाजूपेक्षा कमी असेल तर दार पूर्ण वजा व्हायला हवं, असं मी म्हणेन. दाराची चौकटीबाहेरची मापं आणि बिलाचा फोटो टाका, उंचीसुद्धा. अकरा फुटांच्या खोलीत मोजणी छतापर्यंत केलीय की फॉल्स सीलिंगपर्यंत, ते आधी बघावं लागेल.